मानपत्र की आरोपपत्र? 'हुशार'च्या भावकीतले शब्द

प्रश्न: देवगडजवळच्या आमच्या आंबा बागायतदार सोसायटीचे अध्यक्ष या महिन्यात पायउतार होतायत. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलं, "अत्यंत चलाख, धूर्त आणि व्यवहारात मुरलेले असे आमचे अध्यक्ष. दलालांना त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. गेली वीस वर्षं त्यांनी मोठ्या हुशारीने सोसायटीचे हिशोब सांभाळले." सेक्रेटरी वाचून म्हणाले, "हे मानपत्र आहे की आरोपपत्र?" माझ्या मनात तर निव्वळ कौतुक होतं. हुशारीचे शब्द नेमके कुठे उलटतात?

उत्तर: सेक्रेटरींचं बरोबर आहे, पण त्यांना बहुधा 'धूर्त' खटकला असेल. तुमच्या मसुद्यातलं सगळ्यात घातक वाक्य मात्र तिसरं आहे, ज्यात एकही वाईट शब्द नाही. तिथपर्यंत सावकाश येऊ.

शब्द जितका जोरदार तितका तो उलटण्याचा धोका जास्त, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. 'कुशाग्र' हा फार जोरदार शब्द आहे, दर्भाच्या टोकासारखी अणकुचीदार बुद्धी असा त्याचा अर्थ, आणि तो कधीच उलटत नाही. 'तल्लख' उलटत नाही, 'बुद्धिमान' उलटत नाही. उलट 'चतुर' हा तुलनेने सौम्य शब्द, पण तो लगेच कलंडतो. फरक जोराचा नाही. फरक असा, की पहिल्या तीन शब्दांत माणूस एकटा असतो. तो गणित सोडवतो, श्लोक पाठ करतो, बिघडलेलं इंजिन आवाजावरून ओळखतो. त्याच्या बुद्धीने कोणाचं काही जात नाही. 'चतुर', 'चलाख', 'धूर्त', 'कावेबाज' या शब्दांत मात्र समोर कोणीतरी दुसरा उभा असतो, आणि या माणसाची बुद्धी त्या दुसऱ्यावर चाललेली असते. म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात न विचारलेला प्रश्न उभा राहतो: तो दुसरा कोण? उद्या मी तर नसेन?

रापणीचं उदाहरण घ्या. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची घिरटी बघून मासळीचा थवा कुठे आहे हे ओळखणारा तांडेल सगळ्या किनाऱ्याला हुशार वाटतो. त्याला चतुर म्हटलं तरी कोणी भुवई उंचावत नाही, कारण फसली ती मासळी, आणि मासळी काही सभेला येऊन बसत नाही. जाळं ओढून झालं, वाळूत वाटे पडायला लागले, आणि त्याच तांडेलाला कोणी चतुर म्हटलं की चार जण आपापला वाटा पुन्हा मोजतील. माणूस तोच, डोकं तेच, शब्दही तोच. समोरचा पक्ष मासळीऐवजी शेजारी झाला, एवढंच.

आता तुमचे शब्द एकेक करून बघू, आणि सुरुवात 'हुशार'पासून, कारण बाकीच्या सगळ्यांना मोजायचं माप तोच आहे. हा शब्द फारसीतून आला. 'होश' म्हणजे शुद्ध, जाणीव. 'बेहोश'मध्ये आहे तोच. होशियार म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा. ही जुनी छटा मराठीत अजून जिवंत आहे. तापातून उठलेलं माणूस म्हणतं, "आज जरा हुशारी वाटतेय." तिथे बुद्धीचा काही संबंध नाही, अंगात तरतरी आली असं त्याला म्हणायचं असतं. पहारेकऱ्याची "हुश्शार!" ही आरोळीही तीच, जागे राहा. जागेपणात कोणाला फसवणं नाही, म्हणून 'हुशार' हा शब्द पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही बिनधास्त लावता येतो. पण 'हुशार'चं नाम झालं, 'हुशारी', की गोष्ट बदलते. ती का, ते पुढे.

'चलाख'ही फारसीच. तिथे त्याचा अर्थ चपळ, चटपटीत. मराठीतही पूर्वी तसा वापर होता आणि आजही "पोरगी चलाख आहे" असं लहान मुलीबद्दल म्हटलं तर ते कौतुकच असतं. पण मराठीने या शब्दाला हात जोडला: हातचलाखी. जादूगाराची ती हातचलाखी आणि पाकीटमाराचीही तीच. चपळ हात आणि पैसा एका वाक्यात आले की चलाखीला हाच वास येतो. त्यामुळे पैशाचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही, मग तो पोस्टातला एजंट असो की सोसायटीचा अध्यक्ष, चलाख म्हणू नये. धावणाऱ्या पोराला म्हणा, कबड्डीत चढाई करणाऱ्याला म्हणा.

'धूर्त'चा प्रवास उलटसुलट झालाय. संस्कृतात धूर्त म्हणजे ठक, लुच्चा, जुगारी. आपल्याकडे शंकराला वाहतात त्या धोतऱ्याच्या झाडाला संस्कृतात जी नावं आहेत त्यात एक 'कितव' आहे, म्हणजे जुगारी, आणि दुसरं 'धूर्त'. बेसावध माणसाची मती फिरवणारं झाड, म्हणून हे नाव त्याला शोभतं. पण जुन्या मराठीने हा शब्द चांगल्या अर्थाने वापरला. दासबोधात गुणांच्या रांगेत 'दक्ष'च्या शेजारी 'धूर्त' बसलेला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ समोरच्याचं मन ओळखणारा, चाणाक्ष असा होतो. म्हणून कोणी जुनं वाचन असलेला माणूस तुम्हाला "धूर्त चांगला शब्द आहे हो" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. पण आज मंडपात बसलेल्या माणसाच्या कानावर धूर्त म्हटलं की कोल्हाच येतो. शब्दाचा अर्थ ऐकणारा ज्या काळात बसलाय त्या काळाचा धरावा लागतो, त्यामुळे हा शब्द मानपत्रातून सरळ काढा.

'मुरलेले' मात्र मी ठेवण्याचा विचार करीन, निदान त्याच्या बाजूने दोन शब्द बोलीन. लोणचं मुरतं. फोडीत मीठ उतरायला दिवस जातात आणि ते आतल्या आत होतं, बाहेरून दिसत नाही. "व्यवहारात मुरलेला" यात अनुभवाचं कौतुक आहे, पण त्या 'आतल्या आत'चाही अंश आहे. म्हणून "संगीतात मुरलेला" ऐकायला गोड लागतं आणि "राजकारणात मुरलेला" ऐकून आपण खिसा चाचपतो. मुरणं चांगलंच, प्रश्न एवढाच की कशात मुरला. तुम्हाला अनुभवाचंच कौतुक करायचं असेल तर 'मुरब्बी' घ्या. दिसायला तो मुरण्याचा भाऊ वाटतो, पण आहे वेगळ्या घरातला. अरबीत मुरब्बी म्हणजे पालन करणारा, वाढवणारा, आश्रयदाता. गंमत म्हणजे आपला मुरंबाही त्याच धातूतून आलेला: जपून, सांभाळून वाढवलेला. मराठीत मुरब्बी म्हणजे अनुभवी, जाणता, आणि त्यावर संशयाचा डाग जवळजवळ पडलेला नाही.

'आतल्या आत' हे नुसतं लोणच्यापुरतं नाही. संशयाचं हे दुसरं मोठं कारण आहे. बुद्धी दुसऱ्यावर चालली तरी ती उघडी असेल तर लोक माफ करतात, नव्हे टाळ्या देतात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा नट पेचात पकडतो आणि याला उभ्या उभ्या उत्तर सुचावं लागतं. ज्याला सुचतं तो 'हजरजबाबी'. तो समोरच्याला हरवतोच, तरीही हजरजबाबी हा शब्द निखळ स्तुतीचा राहिला, कारण हरवणं सगळ्या गावासमोर, पेट्रोमॅक्सच्या नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात झालं. याउलट 'आतल्या गाठीचा', 'पाताळयंत्री', 'खोल पाण्यातला', 'पोचलेला' या सगळ्यांत माणूस काय करतोय ते दिसत नाही. 'पोचलेला' हा शब्द तर साधुसंतांचा होता. फार पुढे पोचलेला, म्हणजे सिद्धीला पोचलेला. आता तो इतका पोचलाय की लोक त्याच्यापासून दूर राहतात. 'वस्ताद'चंही तेच. फारसी 'उस्ताद' म्हणजे गुरू. गायनाच्या बैठकीत तो उस्ताद राहिला, तालमीत वस्ताद झाला, दोन्हीकडे मान आहे. पण बैठक आणि तालीम सोडून बाजारात "भारी वस्ताद आहे तो" म्हटलं की विद्या कसली ते सांगितलेलं नसतं, आणि न सांगितलेल्या जागेत ऐकणारा आपल्या मनातला संशय भरतो.

तुमचं दुसरं वाक्य, "दलालांना ताकास तूर लागू दिली नाही", इथेच अडतं. तुम्हाला सांगायचंय की अध्यक्षांनी आपला भाव आधी उघड केला नाही, दलालाला अंदाज येऊ दिला नाही. बागायतदाराच्या बाजूने ते योग्यच आहे. पण हा वाक्प्रचार लपवाछपवीचा आहे. ज्याने वीस वर्षं कोणाला ताकास तूर लागू दिली नाही त्याने सभासदांना तरी लागू दिली का, असा कोणी तिरकस माणूस मागच्या खुर्चीतून विचारणारच. कोकणात मागची खुर्ची कधी रिकामी नसते.

आता 'शहाणा'. तुम्ही तो वापरला नाहीत, पण मसुदा दुरुस्त करताना कोणीतरी नक्की सुचवेल, म्हणून थोडं सविस्तर. या शब्दाचं नातं संस्कृत 'सज्ञान'शी लावतात, हिंदीतला 'सयाना' त्याचाच. म्हणजे मुळात समज आलेला, वयात आलेला. मुलगी वयात आली की "शहाणी झाली" म्हणत, त्यात ही जुनी छटा टिकून आहे. लहान मुलाला "शहाणं बाळ ते" म्हणतो तेव्हा ते ऐकतं, हट्ट करत नाही एवढाच अर्थ असतो. म्हणजे शहाणपण हे देण्याचं आणि मोठ्यांनी लहानांना देण्याचं प्रशस्तिपत्र आहे. बरोबरीच्या माणसाला ते दिलं की तुम्ही त्याला लहान केलंत, आणि ते त्याला बरोबर कळतं. म्हणून प्रौढ माणसाला उद्देशून "शहाणा आहेस!" हे जवळजवळ नेहमी टोमणा ठरतं. मालवणीत तर "शाणो खयचो!" ऐकून कोणी आभार मानल्याचं उदाहरण नसेल. "लय शाणो मां तू!" यातला 'मां' तर समोरच्याकडून कबुलीच मागतो. उलट तृतीय पुरुषात, त्या माणसाच्या पाठीमागे, "माणूस शहाणा आहे" हे अजूनही खरं कौतुक आहे. समोर म्हटलं तर टोमणा, पाठीमागे म्हटलं तर मान, असा उलटा कारभार असलेले शब्द फार नाहीत. मानपत्र समोर वाचायचं असतं, हे लक्षात ठेवा.

शहाणपण मोजण्याची मराठीची पद्धतही बघण्यासारखी आहे. पेशवाईत साडेतीन शहाणे होऊन गेले असं म्हणतात. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. ज्यांच्या घराण्याचं मूळ आपल्या वेळासला सांगतात ते हे नाना. अर्धे का, तर बाकीचे तिघे मसलतीबरोबर लढाईतही वाकबगार होते आणि नानांचं शहाणपण फक्त मसलतीचं, असं कारण दिलं जातं. म्हणजे अर्धा शहाणा ही पदवी. आणि 'दीडशहाणा' ही शिवी. एकापेक्षा कमी असेल तर मान आणि एकाच्या वर गेलं की अपमान. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हणही तेच सांगते. जास्तीचं शहाणपण ही अधिक बुद्धी नसून मापाबाहेर गेलेला आत्मविश्वास आहे, असं मराठी भाषा गृहीत धरते. इंग्रजीतून आलेल्या 'स्मार्ट'लाही आपण लगेच हेच माप लावलं आणि 'ओव्हरस्मार्ट' करून टाकलं.

याच साडेतीनांतल्या एकाकडे परत वळू. विठ्ठल सुंदर हे निजामाचे दिवाण होते आणि 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध लढताना मारले गेले. म्हणजे समोरच्या पक्षाचे. त्या काळी पुण्यात त्यांना कोणी प्रेमाने शहाणा म्हणत असेल असं वाटत नाही. अडीचशे वर्षं गेली, त्यांच्या मसलतीने आज आपलं काही जात नाही, आणि ते यादीत पूर्ण शहाणे म्हणून बसले. 'गनिमी कावा' ही तशीच गोष्ट. 'गनीम' म्हणजे शत्रू, 'कावा' हा घोडा गोल फिरवण्याशी जोडलेला शब्द. बोलताना आपण तो अभिमानाने उच्चारतो. पण त्याच काव्याला 'बाज' लावा, 'कावेबाज' करा, आणि तो शेजारच्या भाऊबंदाला लावा, की फौजदारीची तयारी ठेवावी लागेल. 'बाज' हा प्रत्यय कामाची सवय दाखवतो, एकदा केलं असं नाही, हेच करत असतो असं. दगाबाज, धोकेबाज, कावेबाज. स्तुतीच्या मजकुरात हा प्रत्यय दिसला की थांबा.

आता तुमचं तिसरं वाक्य. "मोठ्या हुशारीने सोसायटीचे हिशोब सांभाळले." इथे शब्दांपेक्षा व्याकरण घात करतं. 'हुशारी' असते तोवर ती गुण आहे: "त्यांच्यात हुशारी आहे." ती केली की ती करामत होते: "त्यांनी हुशारी केली." दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, दुसऱ्यात काहीतरी लपवलेलं ऐकू येतं. 'हुशारी दाखवली' मध्येच कुठेतरी आहे. बसचालकाने दरीच्या वळणावर हुशारी दाखवली म्हटलं तर शाबासकी, पण "इथे हुशारी दाखवू नकोस" हा दम. आणि 'हुशारीने' हे क्रियाविशेषण झालं की ते आपल्या पुढच्या क्रियापदाला चिकटतं आणि त्याला रंग देतं. "हुशारीने वाट काढली" ठीक, कारण वाट काढायला हुशारी लागते. "हुशारीने हिशोब सांभाळले" यात मात्र ऐकणारा थबकतो. हिशोब सांभाळायला हुशारी कशाला? हिशोब लिहायचे असतात. जिथे हुशारीची गरज नाही तिथे ती वापरली असं म्हटलंत की ती कशासाठी वापरली हे शोधायला लोक निघतात. त्यात 'मोठ्या' हे विशेषण जोडलंय, ज्याला मराठीत टोमण्याची जुनी सवय आहे: मोठा आला शहाणा, मोठी लागून गेली. आणि 'सांभाळले' म्हणजे जपले, की सावरून घेतले? तीन निरुपद्रवी शब्दांनी मिळून तुम्ही वीस वर्षांच्या ऑडिटवर प्रश्न उभा केलात.

पैसा, वाटा, वारसा, मतमोजणी, म्हणजे जिथे जिथे लोकांनी आपलं काही एखाद्याच्या हाती विश्वासाने दिलेलं असतं, तिथे त्याच्या बुद्धीचं कौतुकच करायचं नाही. तिथले कौतुकाचे शब्द वेगळ्या कुळातले आहेत: चोख, काटेकोर, सचोटीचा, पैन् पै जुळवणारा. 'चोख' तर सोन्याचा शब्द, भेसळ नसलेला. पुजाऱ्याचं किंवा खजिनदाराचं कौतुक बुद्धीसाठी झालं की समजावं, लिहिणाऱ्याचा पाय घसरलाय.

हाच प्रत्ययांचा घोटाळा 'शहाणपण' आणि 'शहाणपणा'तही आहे. एका कान्याचा फरक. शहाणपण मिळवायचं असतं, देवाकडे मागायचं असतं. शहाणपणा करायचा नसतो. "त्यांच्या शहाणपणामुळे तंटा मिटला" हे विभक्तीमुळे दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून मी असं वाक्य टाळून "समंजसपणामुळे" लिहितो. 'चातुर्य' आणि 'चतुराई' यांतही थोडा फरक आहे. चातुर्य ग्रंथातलं, प्रतिष्ठित. चतुराई बाजारातली, निम्मी आपल्या बाजूची आणि निम्मी नाही.

स्त्रियांबद्दल लिहिताना हे सगळे शब्द एक पायरी आधीच घसरतात, हे सांगणं भाग आहे. 'चतुर सून' आजही कौतुक आहे, पण ती घरासाठी चतुर असेल तोवरच. 'चलाख बाई' पुरुषाच्या मानाने लवकर वाईट ऐकू येतं. आणि 'चालू' हा शब्द, जो पंपाला लावला तर फक्त तो बंद नाही असं सांगतो आणि पुरुषाला लावला तर तो लबाड आहे असं, तोच बाईला लावला की थेट चारित्र्यावर जातो. छापील मजकुरात माणसाला, कोणत्याही, 'चालू' लिहू नये.

उलट दिशेने जाणारेही शब्द आहेत, नाहीतर चित्र एकांगी होईल. 'लबाड' हा खरा तर आरोप. पण नातवाने खिशातून गोळी पळवली की आजी "लबाड कुठला!" म्हणते आणि दुसरी गोळी देते. 'इरसाल' आणि 'बेरकी' हे शब्दही कोकणात अर्धे लाडाचेच. बेरकी म्हातारा म्हणजे ज्याच्याशी सौदा करू नये पण ज्याच्या ओट्यावर बसून गप्पा ऐकाव्यात असा. संशय असतोच, पण त्यात गंमत वाटण्याइतकं अंतर असतं. हे शब्द बोलण्यात ठेवा. अध्यक्षांच्या समवयस्क मित्राने भाषणात "आमचा बेरकी बाबू" म्हटलं तर मंडप हसेल. तेच तुम्ही चौकटीत छापून, शाल-श्रीफळाबरोबर दिलंत तर ते भिंतीवर लागेल आणि पुढच्या पिढीला त्यातलं हसू ऐकू येणार नाही.

आता मसुदा. पहिलं वाक्य असं होऊ शकेल: "आंब्याच्या व्यापारातले मुरब्बी आणि भाव ठरवताना चतुर असे आमचे अध्यक्ष." 'चतुर' मी मुद्दाम ठेवला, कारण ती त्यांची खरी ओळख असावी आणि ती पुसून फक्त 'कर्तव्यदक्ष' लिहिलं तर मानपत्र कोणाचंही होईल. पण त्याला कुंपण घातलं: भाव ठरवताना. कशात चतुर ते सांगितलं की उरलेल्या जागी तो शब्द पसरत नाही. 'व्यवहारात' असं मोघम कुंपण चालत नाही, कारण व्यवहारात सगळंच येतं, सभासदांशी झालेला व्यवहारही.

दुसऱ्या वाक्यात लपवणं काढा आणि फायदा कोणाला झाला ते लिहा: "वाशीहून आलेल्या पट्टीतली एखादी जादा हमाली किंवा चुकलेली पेटी त्यांच्या नजरेतून सुटली नाही आणि ते पैसे त्यांनी बागायतदाराला परत मिळवून दिले." बघा, यात हुशारीचा एकही शब्द नाही आणि तरी माणूस हुशार आहे हे शंभर टक्के कळतं. पट्टी कशी वाचतात हे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे ती वाचणाऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शिवाय दलाल समोर बसलेला असला तरी त्याला काही लागत नाही, कारण चूक पट्टीत होती असं म्हटलंय, मनात होती असं नाही. पण प्रत्यक्षात असं एखादं प्रकरण घडलं असेल तरच हे लिहा आणि शक्य तर साल टाका. खोटं घातलेलं उदाहरण सभेत लगेच उघडं पडतं.

तिसरं वाक्य सगळ्यात छोटं करा: "वीस वर्षांचे हिशोब चोख ठेवले." एवढंच. त्याला विशेषण लावू नका, 'अत्यंत' नको, 'मोठ्या' तर नकोच. चोखाला अत्यंत लावलं की तेही उलटायला लागतं.

छापण्याआधी एक काम करा. मजकूर सोसायटीत अध्यक्षांशी ज्यांचं फारसं पटत नाही अशा एखाद्या सभासदाकडून मोठ्याने वाचून घ्या. मित्राकडून नको, तो तुमच्या मनातलाच सूर लावेल. न पटणारा माणूस ज्या शब्दावर किंचित थांबेल, किंवा ज्याच्या शेवटी त्याचा आवाज नकळत वर जाईल, तो शब्द बदला. आणि तो मालवणी बोलणारा असेल तर 'शहाणे' शब्दाजवळ कान जरा जास्त टवकारून बसा.